पन्नास केबीच्या आतला चेहरा

आमच्या दुकानात सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "ताई, फोटो घेत नाहीये, तेवढा बसवून द्या." तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र आहे. पुढच्या बाजूला दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर, मागच्या बाजूला पडदा लावून केलेला छोटा स्टुडिओ. स्टुडिओ आधीचा, अर्ज नंतर आले. भरतीची जाहिरात निघाली की शेवटच्या तीन-चार दिवसांत झुंबड उडते. नाव, जात प्रमाणपत्र, मार्कशीट हे सगळं लोक घरूनच मोबाइलवर भरून येतात. अडतं ते फोटोशी. लाल अक्षरांत काहीतरी उमटतं आणि पान पुढे सरकत नाही.

"बसवून द्या" म्हणणाऱ्याच्या मनात एकच आकडा असतो. पन्नास केबीच्या आत. तो मोबाइलमध्ये एखादं ॲप उतरवतो, फोटो दाबून दाबून पन्नासच्या खाली आणतो, आणि तरीही साइट नाही म्हणते. मग चिडून माझ्याकडे येतो. म्हणून या कामात नेमकं काय चालतं ते एकदा नीट सांगावंसं वाटलं. बँकेच्या लिपिक भरतीचं उदाहरण घेते, कारण आमच्याकडे तेच अर्ज सर्वांत जास्त येतात.

आयबीपीएसच्या माहितीपत्रकात फोटोबद्दल दिलेलं असतं ते साधारण असं: फोटो रंगीत, अलीकडचा, मागची बाजू फिकट रंगाची, शक्यतो पांढरी. आकार साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर. पिक्सेल शक्यतो २०० बाय २३०. फाइल २० ते ५० केबीच्या दरम्यान. टोपी, गॉगल चालणार नाही. धर्माप्रमाणे डोकं झाकलेलं असलं तर चालेल, पण चेहरा झाकलेला नको. बहुतेक जण यातला ५० तेवढा वाचतात. खरी गंमत २० या आकड्यात आहे, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नसतं.

ही मर्यादा का घालतात, हे लोक वैतागून विचारतात. साधा हिशेब करून पाहावा. दहा लाख मुलांनी अर्ज केला आणि प्रत्येकाचा फोटो पन्नास केबीचा असला, तर सगळे मिळून ५० जीबी होतात. आजच्या साध्या पेन ड्राइव्हवर मावतील. तेच प्रत्येकाने मोबाइलमधला तीन एमबीचा फोटो जसाच्या तसा टाकला तर तीन टीबी. त्यात शेवटच्या दिवशी सगळे एकदमच चढवणार, आणि पुढे हे सगळे फोटो प्रवेशपत्रांवर छापायचे, हजेरीच्या यादीत लावायचे. वरची मर्यादा म्हणून समजते. खालची मर्यादा दुसऱ्या बाजूने राखण करते. फार दाबलेल्या फोटोतला माणूस परीक्षेच्या दारात ओळखता येत नाही.

आता फाइलचं वजन येतं कुठून? मोबाइलचा फोटो ३००० बाय ४००० पिक्सेलचा असेल, तर त्यात एक कोटी वीस लाख ठिपके असतात. अर्जाला हवेत २०० गुणिले २३०, म्हणजे ४६ हजार. याचा अर्थ दर दोनशेसाठ ठिपक्यांमागे एकच उरणार. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर हे ४६ हजार ठिपके न दाबता ठेवायलाच १ लाख ३८ हजार बाइट लागतात. ते झाले साधारण १३५ केबी. जेपेग त्यांना दाबून लहान करतं. पन्नासच्या आत आणायला पावणेतीनपट दाबलं तरी पुरतं. आणि जेपेगला दहापट दाबणं जड जात नाही, डोळ्यांना फारसा फरकही दिसत नाही. पण दहापट दाबलं की फाइल तेरा-चौदा केबीवर येते. म्हणजे २०० बाय २३० केल्यावर पन्नास ओलांडायची भीती उरतच नाही. उलट विसाच्या खाली घसरायचीच भीती असते. दाबून दाबून आणलेला फोटो साइट परत करते तो बऱ्याचदा यामुळेच. माणूस म्हणतो, "अहो, आता तर फक्त बाराच केबी आहे, तरी घेत नाही!"

जेपेग दाबतं कसं, हे ढोबळपणे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. ते फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं, गोधडीच्या ठिगळांसारखे, आणि प्रत्येक ठिगळात किती बारकावा आहे ते पाहून त्याप्रमाणे जागा देतं. सपाट पांढऱ्या ठिगळाला जवळजवळ काहीच लागत नाही. फुलाफुलांच्या पडद्याला, जाळीच्या खिडकीला, मागच्या आंब्याच्या पानांना मात्र भरपूर जागा जाते. आपल्या २०० बाय २३० च्या फोटोत अशी ठिगळं आडवी पंचवीस आणि उभी एकोणतीस, मिळून ७२५ असतात. त्यांत चेहऱ्याची रुंदी शंभर ठिपके धरली, तर एका डोळ्याच्या वाट्याला वीसेक ठिपके येतात. म्हणजे आडवी दोन-अडीच ठिगळं. माणूस ओळखायचा तो एवढ्यावर. फोटोच्या मागे पडद्याची फुलं राहिली, तर त्या डोळ्याच्या वाट्याची जागा फुलांना जाते. बॅकग्राउंड काढायची ती केवळ नियम आहे म्हणून नव्हे. ती सपाट झाली की तीच फाइल चेहऱ्याला जास्त जागा देऊ शकते.

यातूनच माझ्या कामाचा क्रम ठरला आहे. आधी कापायचं, मग बॅकग्राउंड काढायची, मग पिक्सेल कमी करायचे, आणि क्वालिटीच्या पट्टीला सगळ्यांत शेवटी हात लावायचा. लोक नेमकं उलट करतात. पहिला हात क्वालिटीलाच घालतात. वजन कमी करायचं म्हणजे काहीतरी टाकून द्यावंच लागतं. काय टाकायचं ते आपण आधी ठरवलं, तर भिंत जाते, छत जातं, छातीखालचा ड्रेस जातो. आपण नाही ठरवलं, तर ॲप सगळीकडून सारखंच छाटतं, आणि त्यात भुवया आणि पापण्याही जातात.

गेल्या भरतीच्या वेळच्या एका मुलीची गोष्ट सांगते. संध्याकाळची वेळ, दुसऱ्या दिवशी मुदत संपणार होती. गावाकडून वडिलांबरोबर गाडीवर आली होती. मोबाइलमध्ये फोटो तयार होता आणि ती ठामपणे म्हणत होती, "ताई, अठ्ठेचाळीस केबी आहे, पांढरी बॅकग्राउंड आहे, डॉट जेपीजी आहे. तरी 'इनव्हॅलिड' येतंय." तिचं म्हणणं खरं होतं. तिन्ही गोष्टी जागच्या जागी दिसत होत्या.

असं झालं की मी फाइल कॉम्प्युटरवर घेते आणि Notepad मध्ये उघडते. पडद्यावर सगळी कचरा अक्षरं दिसतात, पण पहिल्या ओळीतली पहिली काही अक्षरं बोलकी असतात. जेपेग असेल तर सुरुवातीलाच `JFIF` किंवा `Exif` असं वाचता येतं. हिच्या फाइलच्या सुरुवातीला स्वच्छ `PNG` लिहिलेलं होतं. झालं होतं असं की बॅकग्राउंड काढून देणाऱ्या साइटने तिला पीएनजी दिली, कारण मागची बाजू पारदर्शक ठेवायची सोय पीएनजीत असते, जेपेगमध्ये नसते. मग कुणीतरी सांगितलं, अर्जाला जेपीजी लागतं, म्हणून तिने फाइलच्या नावातलं `.png` पुसून `.jpg` लिहिलं. नाव बदललं, आतली फाइल तीच राहिली. नुसतं नाव पाहणारी साइट अशी फाइल घेते. आत डोकावणारी परत पाठवते. वर मोबाइलच्या पडद्यावर पारदर्शक भाग पांढरा दिसत होता, म्हणून तिला ती पांढरी बॅकग्राउंड वाटत होती. अशी फाइल काही ठिकाणी जेपेगमध्ये बदलली की तोच भाग काळा होऊन येतो.

तिला म्हटलं, "हा बाजूला ठेव. मूळ फोटो दाखव, कॅमेऱ्याने काढला तो."

मूळ फोटो मागायला मी कधी चुकत नाही. जेपेग प्रत्येक वेळी सेव्ह करताना थोडं थोडं टाकून देतं. एकाने दाबलेला, दुसऱ्याने क्रॉप केलेला, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो घेऊन काम सुरू केलं, तर आधीच्या सगळ्यांचे ओरखडे त्यात राहतात. चेहऱ्याच्या कडेला मळकट डाग दिसतात, आणि आठ बाय आठचे चौकोन डोळ्यांना दिसू लागतात. मूळ फोटो पाठवायचाच असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. मग तो जसाच्या तसा येतो. आयफोन असेल तर आणखी एक बघावं लागतं. त्याचे फोटो पुष्कळदा हाइक, म्हणजे `.heic` मध्ये असतात, ते आधी जेपेगमध्ये करून घ्यावे लागतात.

तिच्या बहिणीने घराच्या ओसरीत काढलेला फोटो होता. ३००० बाय ४०००, तीन एमबीच्या वर. मागे पोपटी रंगाची भिंत, एका बाजूला दाराची चौकट, केस मोकळे. उजेड समोरून चांगला होता, डोळे स्पष्ट होते. काम होण्यासारखं होतं.

पहिलं काम कापण्याचं. इथे एक अडचण अर्जातच दडलेली असते. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर आणि २०० बाय २३० पिक्सेल ही दोन मापं एका प्रमाणात नाहीत. साडेतीनला साडेचार या प्रमाणात २०० पिक्सेल रुंदीला उंची २५७ यायला हवी. कुणी स्टुडिओतला पासपोर्ट फोटो घेऊन, Paint मध्ये जाऊन, प्रमाण कायम ठेवायची खूण काढून २०० आणि २३० आकडे टाकले, की चेहरा जवळजवळ बारा टक्के रुंद होतो. गाल फुगतात, नाक पसरतं. माणूस म्हणतो, "मी जाड दिसतोय का हो?" फोटो बसलेला असतो, चेहरा मात्र त्याचा राहिलेला नसतो. म्हणून ताणायचं नाही. खालून छातीचा भाग कापून प्रमाण जुळवायचं. २३० हे 'शक्यतो' म्हणून दिलेलं आहे खरं, पण पाळता येत असेल तर मी पाळते.

तिच्या फोटोतून मी १६०० बाय १८४० चा चौकोन कापला. हा आकडा मुद्दाम घेते, कारण तो २०० बाय २३० च्या बरोबर आठपट आहे. डोक्यावर थोडी मोकळी जागा, खाली खांदे पूर्ण आणि कॉलरबोनच्या जरा खालपर्यंत. दाराची चौकट आणि निम्मी भिंत इथेच गेली. ज्याला बॅकग्राउंड काढणं म्हणतात त्यातलं बरंचसं काम कापण्यातच उरकतं.

मग बॅकग्राउंड. ही मोठ्या आकारावरच काढायची, लहान केल्यावर नाही. लहान फोटोत केसाची कडा एक-दोन ठिपक्यांची असते. तिथे कात्री चालवली की डोक्याला टोपण घातल्यासारखं दिसतं. मोठ्या आकारावर कडा जराशी खडबडीत कापली गेली तरी चालतं. नंतर आठ बाय आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांची सरासरी होऊन एक ठिपका बनतो आणि कडा आपोआप मऊ होते. मोकळ्या केसांच्या बारीक बटा एकेक करून निवडत बसायचं कारण नसतं. २०० पिक्सेलमध्ये त्या दिसणारच नसतात. बाहेर उडालेल्या एक-दोन बटा सोडून द्यायच्या आणि केसांची मुख्य बाह्यरेषा सांभाळायची.

खांदे, मान आणि कान मी पेन टूलने, हाताने रेघ आखून काढते. आपोआप बॅकग्राउंड काढून देणाऱ्या साइट आणि ॲप झटपट काम करतात, पण कान आणि वेणी यांच्याशी त्यांचं जमत नाही. कानाची पाळी केसांबरोबर जाते, कानातलं अर्धं उरतं. शिवाय अनोळखी मुलींचे फोटो कुठल्यातरी साइटवर चढवायला मला आवडत नाही. अर्धा तास कमी लागला म्हणून तो फोटो पुढे कुठे राहणार याची हमी कोण देणार?

पोपटी भिंतीचा खरा त्रास पुढे होतो. भिंत कापून टाकली तरी तिचा रंग केसांच्या आणि मानेच्या कडेवर सांडलेला असतो. पांढऱ्यावर ठेवलं की डोक्याभोवती पोपटी रेघ उमटते. म्हणून निवडलेली कडा एक-दोन पिक्सेल आत ओढायची, एक पिक्सेल मऊ करायची, आणि फोटोशॉपमधलं Defringe वापरायचं. ते कडेच्या रंगाच्या जागी आतला रंग आणून बसवतं. तरी मानेवर थोडी हिरवट झाक उरली होती, तेवढ्याच भागातला रंग मी फिका केला. चेहऱ्याला हात लावला नाही.

हेच काम पांढऱ्या कपड्यांच्या माणसावर वेगळं होतं. एका आजोबांचा कुठल्याशा ओळखपत्राच्या अर्जासाठी फोटो करायचा होता. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागे चुन्याची भिंत. त्यांच्या अर्जात टोपीला मनाई नव्हती, आणि टोपी काढायला सांगितलं असतं तर त्यांनी अर्जच भरला नसता. नातवाने मोबाइलवर केलेल्या फोटोत आजोबांना टोपीही नव्हती आणि खांदेही नव्हते. पांढऱ्यात नुसता चेहरा आणि मिशा तरंगत होत्या. ॲपला भिंत आणि टोपी वेगळी करता आली नव्हती. तिथे हातानेच रेघ आखावी लागते, आणि टोपीच्या घडीजवळ जी अंधूक सावली असते तीच कडा मानावी लागते. नियम नीट वाचला तर त्यात मागची बाजू फिकट हवी, शक्यतो पांढरी, असं होतं. म्हणून मी मागे अगदी फिकट करडा रंग भरला. टोपी दिसली, सदरा दिसला. आजोबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता मी हाय."

तर त्या मुलीकडे येते. बॅकग्राउंड पांढरी झाली, फोटो २०० बाय २३० केला, आणि Save for Web मध्ये नेहमीच्या सत्तर क्वालिटीवर बघितलं. खाली आकडा आला तेरा केबीच्या आसपास. ती खांद्यावरून बघत होती. "कमी झाला ना? मग चालेल." तिला माहितीपत्रकातला २० दाखवला. आता उलटा प्रवास करायचा होता, वजन वाढवायचं होतं.

वजन वाढवायच्या दोन प्रामाणिक वाटा आहेत. एक म्हणजे क्वालिटी वाढवायची. पट्टी शंभरच्या जवळ नेली की जेपेग कमी टाकून देतं आणि फाइल फुगते. दुसरी म्हणजे प्रमाण तेच ठेवून पिक्सेल वाढवायचे, जसं २०० बाय २३० ऐवजी ३०० बाय ३४५. ठिपके दुपटीहून जास्त होतात. दुसरी वाट फक्त पिक्सेल 'शक्यतो' म्हणून दिलेले असतील तेव्हाच. तिसरीही वाट लोक वापरतात. केबी वाढवून देणारी ॲप असतात, त्यांतली काही फाइलच्या शेपटीला रिकामे बाइट चिकटवतात. आकडा वीसच्या वर जातो, फोटो मात्र बाराचाच राहतो. साइट फसते, छपाईत फोटो फुटका तो फुटकाच.

क्वालिटी वाढवायचा एक फायदा डोळ्यांना दिसतो. क्वालिटी खाली असली की जेपेग उजेड-सावली बऱ्यापैकी जपतं, पण रंग बऱ्याचदा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्म्यावर आणतं. मोठ्या फोटोत ते कळत नाही. या एवढ्याशा फोटोत कपाळावरची लाल टिकली कळते. तिची कड विरघळते आणि लाली आजूबाजूच्या त्वचेवर पसरते, ओठांचंही तसंच होतं. पडद्यावर फोटो चारपट मोठा करून टिकली आणि बुबुळं बघायची. तिथली कड स्वच्छ असली की बाकी सगळं ठीक असतं, असा माझा अनुभव आहे. तिच्या टिकलीची कड मी पट्टी वर नेल्यावर नीट झाली. आकडा २८.६ केबीवर थांबला. वीसच्या पुरेसा वर, पन्नासच्या पुष्कळ आत.

तिच्या वडिलांनी फाइलवर उजवं बटण दाबून Properties उघडलं. त्यात Size 28.6 KB, आणि त्याखाली Size on disk 32.0 KB. "दोन दोन वजनं कशी?" त्यांचा प्रश्न रास्त होता. डिस्कवर जागा चार-चार केबीच्या खणांनी दिली जाते. शेवटचा खण थोडाच भरला तरी पूर्ण मोजतात. अर्जाची साइट पहिला आकडा बघते. आणि केबी म्हणजे कुणी हजार बाइट धरतं, कुणी १०२४. म्हणून मी कुठल्याही टोकाला चिकटून फाइल करत नाही. ४९.८ केबीची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर पन्नासच्या आत असते, आणि हजाराने मोजणाऱ्याकडे एक्कावन्नची होते.

Save for Web वापरायचं आणखी एक कारण आहे. साध्या Save As ने केलेल्या फाइलमध्ये फोटोबरोबर बरीच माहिती शिरते: कोणता मोबाइल, कोणत्या दिवशी, कधी कधी कोणत्या जागी, आणि एक छोटा नमुना-फोटोही. तीन एमबीच्या फाइलमध्ये हे कळत नाही. पन्नास केबीच्या मर्यादेत मात्र ही माहितीच कित्येक केबी खाऊन बसते. क्वालिटी कितीही खाली आणली तरी आकडा उतरत नसेल, तर वजन फोटोत नाही, या माहितीत आहे, असं समजावं. ती काढताना एक सांभाळावं लागतं. मोबाइल उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आत आडवाच साठवलेला असतो, आणि 'हा फिरवून दाखवा' अशी खूण त्याच माहितीत असते. खूण पुसली गेली की अर्जात माणूस आडवा झोपलेला दिसतो. म्हणून फोटो आधी खरोखर सरळ करून घ्यायचा, मग माहिती काढायची.

डीपीआयवरून जेवढा वाद होतो तेवढा कशावरूनच होत नाही. "दोनशे डीपीआय करा" म्हणून लोक सांगतात. डीपीआय ही फाइलमधली नुसती एक चिठ्ठी आहे, छापताना एका इंचात किती ठिपके टाकायचे त्याची. पिक्सेल न बदलता ती ७२ ची ३०० केली तर केबीत फरक पडत नाही. कागदावर काय होतं ते वेगळं मोजता येतं. साडेतीन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे साधारण १.३८ इंचात, २०० ठिपके. इंचाला साधारण १४५. ओळखण्यापुरतं हे पुरेसं आहे, पण यातून आणखी काही गमावायला वाव नाही.

सगळंच बसवता येतं असंही नाही. जुन्या पासपोर्ट फोटोचा मोबाइलने फोटो काढून आणतात. त्यात कागदाचा पोत, प्लॅस्टिकची चमक, कोपऱ्यावरचा शिक्का सगळं येतं, आणि जेपेग त्या पोताला चेहऱ्याइतकंच महत्त्व देतं. हललेल्या फोटोचंही तेच. तो लहान केल्यावर थोडा बरा दिसतो, पण डोळे परत येत नाहीत. अशा वेळी मी सरळ म्हणते, "चला मागे, नवीन काढू." मागे पांढरा कपडा ताणून लावलेला आहे, आणि माणसाला त्याच्यापासून तीन-चार फूट पुढे बसवते, म्हणजे सावली कपड्यावर पडत नाही. पाच मिनिटांत निघालेल्या त्या फोटोला बॅकग्राउंड काढावीच लागत नाही. काही भरतींच्या अर्जांत आता कॅमेऱ्यासमोर बसून तिथल्या तिथे फोटो द्यावा लागतो. तिथे कापणं नाही, भरणं नाही. त्या दिवशी तो पांढरा कपडा फार उपयोगी पडतो.

आणखी एका गोष्टीला मी नाही म्हणते. "जरा गोरा करा", "हा डाग काढा", "मिशी थोडी दाट करा." वाढदिवसाच्या बॅनरसाठी सांगा, करून देते. अर्जाच्या फोटोत नाही. परीक्षेच्या दारात उभा असलेला माणूस प्रवेशपत्र हातात घेऊन समोरचा चेहरा बघतो. गालावरचा तीळ हीच तिथे ओळख असते. डोळ्यांची दोन-अडीच ठिगळं वाचवायला एवढी खटपट करायची आणि तीळ पुसून टाकायचा, याला काय अर्थ आहे?

त्या मुलीचा फोटो चढला. अर्ज पुढे सरकला, प्रिव्ह्यूमध्ये तिने स्वतः चेहरा बघितला, वडिलांनी बघितला, मग पैसे भरले. मी तिला तीन फाइली मेल केल्या. पहिली कॅमेऱ्यातली मूळ. दुसरी १६०० बाय १८४० ची, पांढऱ्या बॅकग्राउंडची. तिसरी २८.६ केबीची, अर्जात गेलेली. दुसरी कशाला, असं तिने विचारलं. प्रवेशपत्रावर फोटो चिकटवायला सांगतात, आणि तो शक्यतो अर्जातलाच असावा अशी सूचना असते. तो प्रिंट काढायचा तेव्हा दुकानदाराला तिसरी फाइल द्यायची नाही, दुसरी द्यायची. चेहरा तोच, पण ठिपके चौसष्टपट. तिसरी फाइल फक्त त्या एका अर्जासाठी होती. पुढच्या भरतीचे आकडे वेगळे असतील, तेव्हाही सुरुवात दुसरीपासूनच करायची, म्हणजे मला पोपटी भिंत पुन्हा काढावी लागणार नाही.